महिन्याचा पहिला सोमवार: `30 2 1-7 * 1` इतर दिवशीही का चालते?

आलेख_वाचक

डेबियनच्या मशीनवर डॅशबोर्डसाठी क्रॉनटॅबमध्ये दोन ओळी आहेत. पहिली कामाच्या दिवसांत रात्री अडीचला नवा डेटा ओढते. दुसरीने महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी, सारांशाची सगळी टेबलं मुळापासून पुन्हा बांधायची आहेत.

```
30 2 * * 1-5 /opt/dash/refresh.sh
30 2 1-7 * 1 /opt/dash/rebuild.sh
```

१ ते ७ तारखेत सोमवार एकच येतो, म्हणून महिन्यातून एकदाच चालेल असा हिशेब होता. ऑक्टोबर २०२५ च्या लॉगमध्ये मात्र `rebuild.sh` १ ते ७ या सातही रात्री चाललेली दिसते, आणि नंतर १३, २० आणि २७ तारखेलाही. एकूण दहा वेळा. या कामाला सुमारे तीन तास लागतात, तोवर डॅशबोर्डवर अर्धेच आकडे दिसतात. ओळीत चूक कुठे आहे?

पळसपान

मशीनचं घड्याळ UTC वर असेल. `timedatectl` चालवून बघा. वेळेचा पट्टा वेगळा असला की वार एक दिवस मागेपुढे होतो आणि भलत्याच दिवशी काम चालतं.

मध्यरात्र

वाराच्या रकान्यात 1 म्हणजे रविवार. सोमवारसाठी 2 लिहा. शिवाय तारीख आणि वार दोन्ही एकदम देता येत नाहीत, एका जागी `?` टाकावं लागतं.

जुनी_वही

दोन्ही उत्तरं इथे लागू होत नाहीत. लॉगमधल्या तारखा नीट पाहिल्या की कारण त्यातच सापडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोमवार होते ६, १३, २० आणि २७. लॉगमध्ये १ ते ७ सगळ्या तारखा आहेत आणि उरलेले तिन्ही सोमवार आहेत. म्हणजे वार बरोबर मोजला गेला आहे. वेळेच्या पट्ट्याने वार सरकला असता, तर १३ च्या जागी १२ किंवा १४ दिसली असती. आणि 1 चा अर्थ रविवार असता तर १२, १९ आणि २६ दिसल्या असत्या.

क्रॉनची ओळ डावीकडून वाचतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मिनिट, तास आणि महिना यांच्यात "आणि" असतं, सगळं जुळलं तरच काम सुटतं. तारीख आणि वार या जोडीचा नियम तेवढा वेगळा आहे. दोन्ही रकान्यांत `*` सोडून काही लिहिलं, तर त्यांच्यात "किंवा" लागतं. तुमच्या ओळीचा क्रॉनने लावलेला अर्थ असा: रात्री २:३० वाजता, तारीख १ ते ७ असेल तेव्हा, किंवा सोमवार असेल तेव्हा. सात तारखा, अधिक त्यांच्याबाहेरचे तीन सोमवार, मिळून दहा. पाच सोमवारांच्या महिन्यात हाच आकडा अकरा होतो.

हा बग नाही. `man 5 crontab` मध्ये हा नियम उदाहरणासकट दिला आहे: `30 4 1,15 * 5` ही ओळ दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला चालते, शिवाय दर शुक्रवारी. "महिन्यातून दोनदा आणि आठवड्यातून एकदा" असं एका ओळीत मांडण्यासाठी तो सोयीचा आहे. पण आपल्याला बहुतेक वेळा नेमकं उलटं हवं असतं, दोन्ही अटी एकाच दिवशी जुळलेल्या. पाच रकान्यांत ते सरळ लिहिता येत नाही. एक अट रकान्यात ठेवायची आणि दुसरी कमांडमध्ये तपासायची:

```
30 2 1-7 * * [ "$(date +\%u)" != 1 ] || /opt/dash/rebuild.sh
```

वाराचा रकाना `*` केल्यामुळे ओळ १ ते ७ या सात रात्री जागी होते. `date +%u` सोमवारला 1 आणि रविवारला 7 देतो. सोमवार नसेल तर कंस खरा ठरतो आणि काम तिथेच संपतं. सोमवार असेल तरच `||` च्या पुढचा भाग चालतो.

उलट मांडणी, म्हणजे `= 1` आणि पुढे `&&`, पुष्कळ ठिकाणी दिसते. तीही चालते, पण सोमवार नसलेल्या सहा रात्री ती शून्येतर कोड देऊन संपते. कोड पाहून इशारा पाठवणारी देखरेख वर बसवली असेल तर सहा खोटे इशारे येतील. म्हणून मी `!=` आणि `||` वापरतो.

आलेख_वाचक

कळलं. `%` च्या आधीची उलटी तिरकी रेघ कशासाठी? टर्मिनलमध्ये तर तिच्याशिवाय चालतं.

जुनी_वही

क्रॉनटॅबमध्ये `%` ला वेगळा अर्थ आहे. पहिल्या मोकळ्या `%` पाशी कमांड संपली असं क्रॉन धरतो, त्यापुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून देतो आणि नंतरचे `%` नव्या ओळी होतात. रेघ विसरली तर शेलच्या हाती फक्त `[ "$(date +` एवढाच तुकडा पडतो. अवतरणचिन्ह बंद झालेलं नाही अशी त्याची तक्रार येते आणि स्क्रिप्ट कधीच चालत नाही. `journalctl -u cron` मधल्या CMD ओळीत कमांड `date +` पाशी तुटलेली दिसली, की कारण हेच समजा. हीच अट `.sh` फाइलमध्ये लिहिली तर रेघ नको, कारण तिथे क्रॉन डोकावत नाही.

शेवंती

मध्यरात्र यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. आमचं रिपोर्टिंगचं टूल आतून क्वार्ट्झ वापरतं आणि तिथे 1 म्हणजे रविवारच. सर्व्हरवरची जुनी ओळ उचलून तिथे अशी बसवली होती:

```
0 30 2 ? * 1-5
```

पुढे सेकंदांचा रकाना वाढवला, `?` टाकलं, पण `1-5` तसंच राहिलं. रिफ्रेश रविवार ते गुरुवार होऊ लागला. शुक्रवारचे आकडे शिळे का, हे शोधताना सगळे आधी डेटाबेसकडे पाहत होते.

मध्यरात्र

मी क्वार्ट्झच धरून चाललो होतो. `?` ची सक्तीही तिथलीच. लिनक्सच्या क्रॉनमध्ये 0 आणि 7 दोन्ही रविवार, 1 सोमवार, हे मान्य.

उंबरठा

ओळ एका प्रणालीतून दुसरीकडे नेताना आधी रकाने मोजावेत. पाच असतील तर बहुधा लिनक्सचा क्रॉन किंवा त्याचा भाईबंद. क्वार्ट्झमध्ये सहा किंवा सात, पहिला सेकंदांचा. ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिजमध्येही सहाच असतात, पण तिथे पहिला रकाना मिनिटांचा आणि शेवटचा वर्षाचा. सहा दिसले म्हणून पुढे सेकंद आहेत असं धरलं, तर सगळे रकाने एका घराने सरकतात. या दोन्हींत वार 1 ते 7, रविवारपासून, आणि तारीख किंवा वार यांपैकी एका जागी `?` लागतं.

त्या बदल्यात क्वार्ट्झमध्ये पहिला सोमवार थेट लिहिता येतो: `0 30 2 ? * MON#1`. तिथे आकड्याऐवजी नावंच वापरावीत, म्हणजे शेवंती यांच्याकडे झालं तसं होत नाही. लिनक्सच्या क्रॉनचं मॅन्युअल मात्र सांगतं की नावांच्या रेंज आणि याद्या चालत नाहीत, म्हणून तिकडे रेंज आकड्यांतच ठेवलेली बरी.

तळटीप

कमांडमध्ये अट घालायची गरज नाही. हे चालतं:

```
30 2 */31,1-7 * 1 /opt/dash/rebuild.sh
```

रकान्याची सुरुवात `*` ने झाली की क्रॉन "किंवा" सोडून "आणि" धरतो. `*/31` मधून फक्त १ तारीख निघते, ती १ ते ७ मध्ये आधीच आहे. म्हणजे फुकटात पहिला सोमवार.

जुनी_वही

डेबियनच्या क्रॉनवर हे खरंच चालतं, कारण तो रकान्याचं फक्त पहिलं अक्षर `*` आहे का एवढंच पाहतो. तरी हे कुणाच्या क्रॉनटॅबमध्ये ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुबरनेटिसचा क्रॉनजॉब हीच पाच रकान्यांची ओळ घेतो, पण त्यातली गो भाषेतली लायब्ररी `*/31` ला "काहीही चालेल" मानत नाही. तिच्या लेखी तो बंधन घातलेला रकाना आहे, त्यामुळे "किंवा" परत येतं. उद्या काम कंटेनरमध्ये हलवलं की तीच ओळ, एकही अक्षर न बदलता, पुन्हा दहा वेळा चालेल.

याच नियमाची उलटी बाजू जास्त जणांना लागते. `0 2 */2 * 1` ही ओळ "एक दिवसाआड, शिवाय दर सोमवारी" या हेतूने लिहिली जाते. लिनक्सवर ती फक्त विषम तारखेला आलेल्या सोमवारी चालते. कुठलीही चूक लॉगमध्ये येत नाही, काम नुसतं कमी वेळा होतं.

आणि `*/2` एकटं असलं तरी ते खरं एक दिवसाआड नाही. तारखा १, ३, ५ अशा जातात, ३१ ला काम होतं आणि लगेच दुसऱ्या रात्री १ तारखेला पुन्हा. महिना बदलला की मोजणी नव्याने सुरू होते. रोज फक्त वाढीव डेटा ओढणाऱ्या रिफ्रेशला याने फरक पडत नाही, पण "मागच्या ४८ तासांचा डेटा जोड" असं लिहिलेल्या कामात त्या रात्री एक दिवस दोनदा मोजला जातो.

आलेख_वाचक

मग अटीचीच ओळ घेतो. पण महिनाभर वाट न पाहता ती बरोबर आहे हे तपासायचं कसं?

उंबरठा

तारखा स्वतः फिरवून बघा. टर्मिनलमध्ये:

```
for d in $(seq 0 60); do
  x=$(date -d "2025-10-01 +$d days" +%F)
  [ "$(date -d "$x" +%u)" = 1 ] &&
  [ "$(date -d "$x" +%-d)" -le 7 ] && echo "$x"
done
```

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून दोनच ओळी आल्या पाहिजेत, `2025-10-06` आणि `2025-11-03`. इथे `%` पुढे तिरकी रेघ नाही, कारण हे क्रॉनटॅब नाही.

सिस्टमडीचा टायमर वापरायची तयारी असेल तर प्रश्नच मिटतो. तिथे वार आणि तारीख दोन्ही दिले की दोन्ही जुळावेच लागतात, आणि पुढच्या वेळा आधीच पाहता येतात:

```
systemd-analyze calendar --iterations=4 "Mon *-*-01..07 02:30:00"
```

पळसपान

वेळेच्या पट्ट्याबद्दल मी बोललो ते इथे लागू नसेल, पण मुद्दा सोडून देऊ नका. आमच्याकडे शेड्यूलर UTC वरच चालतो.

जुनी_वही

मुद्दा रास्त आहे, आणि तो वाराच्या रकान्यालाच जास्त बाधतो. समजा स्थानिक वेळ UTC च्या साडेपाच तास पुढे आहे. रात्रीचे अडीच म्हणजे UTC मध्ये आदल्या दिवशीचे २१:००. तास बदलून `0 21` लिहिणं सगळ्यांना सुचतं, वार मागे घेणं राहून जातं. स्थानिक सोमवार ते शुक्रवार हवे असतील, तर UTC मध्ये ते रविवार ते गुरुवार होतात:

```
0 21 * * 0-4
```

तारखेच्या बाबतीत याहून अवघड. स्थानिक १ तारखेची रात्र UTC मध्ये आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते, आणि तो २८, २९, ३० किंवा ३१ काहीही असू शकतो. पाच रकान्यांत तो लिहिता येत नाही. अशा वेळी शेड्यूलरलाच पट्टा सांगता येतो का ते पाहावं. कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबमध्ये `timeZone` आहे. क्रोनीमध्ये `CRON_TZ` आहे, पण तो फक्त वेळ जुळवण्यापुरता. कमांडमधला `date` मशीनच्याच पट्ट्यात उत्तर देतो, म्हणून वरची `date +%u` ची अट आदल्या दिवशीचा वार पाहील आणि सोमवार चुकेल. तसं असेल तर कमांडमध्ये `date` च्या आधी `TZ=` वेगळा द्यावा.

शेवंती

मूळ प्रश्नातल्या पहिल्या ओळीकडे कुणी पाहिलं नाही. `30 2 * * 1-5` सोमवारी पहाटे अडीचला चालते, तेव्हा रविवारपर्यंतचा डेटा असतो. शुक्रवारी दिवसभर झालेल्या नोंदी मात्र शनिवारी पहाटे ओढायला हव्यात, आणि शनिवार या ओळीत नाही. म्हणजे शुक्रवारचे आकडे सोमवार उजाडेपर्यंत डॅशबोर्डवर येत नाहीत. कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार असले तरी मध्यरात्रीनंतर चालणाऱ्या रिफ्रेशचे वार मंगळवार ते शनिवार असतात:

```
30 2 * * 2-6 /opt/dash/refresh.sh
```

आलेख_वाचक

हे लक्षातच आलं नव्हतं. शनिवारी डॅशबोर्ड उघडणारे दोघेतिघेच आहेत, म्हणून कुणी बोललं नसावं. शनिवारी कधीकधी उशिराच्या दुरुस्त्या भरल्या जातात, त्या मग मंगळवारीच येतील का?

शेवंती

`2-6` ठेवलंत तर हो. सोमवारी सकाळी त्या दिसायला हव्या असतील तर सरळ `* * *` करून रोज चालवा. रात्रीचा रिफ्रेश काही मिनिटांत उरकत असेल तर दोन रात्री वाचवण्यात फार काही मिळत नाही.

उंबरठा

रोज चालवायचं ठरलं तर पहिल्या सोमवारी दोन्ही कामं २:३० लाच सुटतील. एकाच मिनिटाला लिहिलेल्या दोन ओळींतलं एक संपल्यावर दुसरं सुरू होत नाही, दोन्ही सोबत धावतात. दोघांना एकच कुलूप लावा: दोन्ही ओळींत स्क्रिप्टच्या नावाआधी `flock /var/lock/dash.lock` लिहिलं की दुसरं काम पहिल्याची वाट पाहतं. क्रम मात्र त्याने ठरत नाही, कोण आधी कुलूप घेईल ते सांगता येत नाही. क्रम महत्त्वाचा असेल तर एकच ओळ ठेवा आणि निर्णय स्क्रिप्टकडे द्या.

माझं मत तसंही तेच आहे. क्रॉनने रोज उठवावं, काय करायचं ते स्क्रिप्टने ठरवावं. कारण मशीन सोमवारी २:३० ला बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही, आणि पहिला सोमवार हुकला की थेट पुढच्या महिन्यात. रिफ्रेश झाल्यावर स्क्रिप्टमध्ये हे ठेवता येईल:

```
m=/var/lib/dash/$(date +%Y-%m)
if [ "$(date +%-d)" -ge "$(date +%u)" ] && [ ! -e "$m" ]
then /opt/dash/rebuild.sh && touch "$m"
fi
```

पहिली अट विचारते की या महिन्यातला पहिला सोमवार आला का. तारीख वाराच्या आकड्याएवढी किंवा मोठी असेल तर आला. १ ऑक्टोबर २०२५ ला बुधवार, म्हणजे १ विरुद्ध ३, अजून नाही. रविवारी ५ विरुद्ध ७, नाही. सोमवारी ६ विरुद्ध १, आला, आणि तिथून महिनाअखेरपर्यंत उत्तर होच राहतं. काम नीट पार पडलं की महिन्याच्या नावाची रिकामी फाइल बनते आणि पुढच्या रात्री ते वगळलं जातं. सोमवार हुकला तर मंगळवारी होतं.

जुनी_वही

तारीख आणि वाराची ही तुलना छान आहे. पण मंगळवारी आपोआप होणं हे इथे चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. बांधणी अर्ध्यात फसली, तर फाइल बनत नाही आणि दुसऱ्या रात्री तीन तासांचं काम पुन्हा सुरू होतं, तिसऱ्या रात्री पुन्हा. कारण डेटातच असेल तर आठवडाभर रोज सकाळी अर्धे आकडे. क्रॉनच्या ओळीतली अट निदान एकदाच फसते आणि पुढचं माणूस ठरवतो.

उंबरठा

त्यासाठी बांधणी वेगळ्या नावाच्या टेबलांत करून शेवटी नावं बदलावीत. मग फसली तरी डॅशबोर्डवर जुने, पण पूर्ण आकडे राहतात.

आलेख_वाचक

टेबलांची नावं बदलायची परवानगी आमच्या खात्याला नाही, ती मागावी लागेल. तोवर रिफ्रेश रोज, रीबिल्ड जुनी_वही यांच्या ओळीने, आणि दोन्हींना कुलूप. रीबिल्ड ३:१५ वर नेतो, रिफ्रेश साधारण वीस मिनिटांत संपतो.

मध्यरात्र

वेळ बदलताना `15 3` लिहा. `* 3` किंवा `3 15` झालं तर पहिल्यात तीन ते चार दरम्यान दर मिनिटाला चालेल, दुसऱ्यात दुपारी तीन वाजून तीन मिनिटांनी.